मर्दान्यांच्या दुकानाला मेल

कृष्णात सरांनी तो शब्द पुन्हा खोडला, तेव्हा मेहमुदाला वाटलं, आता हा की-बोर्ड उचलावा आणि खिडकीतून सरळ रस्त्यावर टाकावा. खाली कोणी असेल तर असेल.

"लघवी हा शब्द पत्रात चालत नाही," सर म्हणाले.

"मग काय लिहू?"

"काहीच लिहू नकोस. समजणाऱ्याला समजतं."

बाजारात बसून भाजी, फुलं, बांगड्या विकणाऱ्या बायकांची ही संघटना. संघटना बायकांची आणि सचिव पुरुष, हे कसं काय, असं कोणी विचारायचं नाही. एका सरकारी कचेरीत उभी हयात पत्रं लिहून सर निवृत्त झाले होते, त्यांना वेळ भरपूर होता आणि ते मानधन मागत नव्हते. एवढ्या तीन गुणांवर माणूस कोल्हापुरात कशाचाही सचिव होतो. मेहमुदा मणेर मात्र पगारी होती. पगार सांगण्यासारखा नव्हता, काम मात्र सांगून संपणारं नव्हतं. बायकांची ओळखपत्रं तीच काढायची, बँकेत त्यांच्यासोबत तीच जायची, अर्ज तीच भरायची आणि मेलही तीच लिहायची. लिहायची म्हणजे टाइप करायची, कारण लिहायचे सर.

आणि हा मेल तर तिला स्वतःच्या हातानं लिहायचा होता. कारण तो बायडाबाईसाठी होता.

बायडाबाई कोडोलीची. पहाटेच्या एसटीनं मेथी, शेपू, कोथिंबीर घेऊन यायची आणि मर्दान्यांच्या कापडदुकानाच्या पायरीशी पोतं पसरून बसायची. तिच्या रांगेत आणखी दहा-बारा जणी. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्यांना लघवीला जायला जागा नाही. जवळात जवळचं सार्वजनिक स्वच्छतागृह दोन चौक ओलांडून पलीकडे. तिथवर जाऊन यायचं तर माल कोणाच्या भरवशावर टाकायचा? म्हणून या बायकांनी वर्षानुवर्षं एकच उपाय केला होता. पाणी प्यायचंच नाही. सकाळी चहाचा अर्धा कप, मग थेट रात्री तांब्या तोंडाला लावायचा. पोरी बाजारात बसायला लागल्या की थोरल्या बायका त्यांना पहिलं हेच शिकवायच्या, जुड्या बांधायचं नंतर.

त्याचं जे व्हायचं ते बायडाबाईचं झालं होतं. लघवीला आग, कंबरेत कळ, दर थोड्या दिवसांनी ताप. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, दिवसभर पाणी पी, नाहीतर बाजार सोड. बाजार सोडला तर घर कशावर चालणार, ते डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

मर्दान्यांनी नुकतंच दुकानाच्या मागच्या बाजूला नवं स्वच्छतागृह बांधलं होतं. पांढऱ्या फरश्या, वर टाकी, बोळातून स्वतंत्र दार. बायडाबाई रोज सामान उतरवताना ते बघायची.

"मग तुम्हीच का विचारत नाही, मावशी?" मेहमुदानं तिला विचारलं होतं. "एरवी तर तुमचं तोंड कोणाला ऐकत नाही."

"मी इचारलं आणि त्याला राग आला, तर पायरीवरनं उठवंल की. जागा त्याच्या मेहरबानीची हाय, बाई. संघटनेनं मागितलं तर ती मागणी हुती. मी मागितलं तर ते माजणं हुतंय."

म्हणून मेहमुदा स्वतः दुकानात गेली होती. हंबीरराव मर्दाने गादीवर बसले होते, पांढरा सदरा, कपाळावर गंध, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळावं. भोवती त्यांची नेहमीची मंडळी चहा पीत होती. मेहमुदा घरून वाक्य ठरवून गेली होती. पण ते पाच-सहा पुरुष एकदम कप खाली ठेवून तिच्याकडे बघायला लागले. "बायकांच्या अडचणीबद्दल बोलायचं होतं," एवढंच बाहेर पडलं.

"पावणं, मेल टाका की," हंबीरराव खुशीत म्हणाले. "लेकानं पुण्यासनं सगळं ऑनलाईन करून दिलंय. तोंडी काय ठेवायचं न्हाय आता. बिलावर खाली आयडी हाय बघा."

ती बिल घेऊन बाहेर आली. स्वतःचाच तिला असा संताप आला होता की बायडाबाईला तोंड न दाखवता ती दुसऱ्या बाजूनं निघून गेली.

आणि आता सर.

"अगं, मर्दान्यांकडे मेल कसा वाचतात माहीत आहे ना तुला?" सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "दिवाणजी मौलाली प्रिंट काढतो आणि दुपारच्या चहाला मोठ्यानं वाचून दाखवतो. चार प्रतिष्ठित माणसं बसलेली असतात. त्यांच्यापुढं हा शब्द? संघटनेच्या लेटरहेडवर?"

"पण सर, मागतोय काय तेच लिहिलं नाही, तर ते देणार काय?"

"आशय पोचतो. पस्तीस वर्षं मी हेच केलंय."

सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि तोंडी मजकूर सांगायला सुरुवात केली. मेहमुदाची बोटं चालत होती आणि दात आवळलेले होते. शेवटी जो मेल गेला, तो असा:

"विषय : महिला विक्रेत्यांच्या गैरसोयीबाबत सहकार्य मिळणेबाबत.

मा. श्री. हंबीरराव मर्दाने साहेब यांचे सेवेशी,

सविनय सादर नमस्कार. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या आपल्या पेढीने गेली शंभराहून अधिक वर्षे करवीरनगरीच्या लौकिकात मोलाची भर घातली आहे. आपल्या घराण्याचे दातृत्व सर्वश्रुत आहे. उपरोक्त विषयान्वये नम्रपणे निदर्शनास आणून देण्यात येते की, आपल्या दुकानासमोर दिवसभर व्यवसाय करणाऱ्या महिलांची, विशेषतः दुपारच्या वेळी, मोठी कुचंबणा होत असून त्याचा त्यांच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम होत आहे. तरी सदर महिलांकरिता आवश्यक ती सोय आपण आपल्या जागेत मोठ्या मनाने उपलब्ध करून द्यावी, ही विनंती. आपण सुज्ञ आहात. अधिक काय लिहावे.

कळावे, लोभ असावा."

खाली सरांचं नाव, पद, संघटनेचा नोंदणी क्रमांक. फोन नंबर घालायचा सर विसरले होते, तो मेहमुदानं गुपचूप घातला आणि 'पाठवा'वर बोट दाबलं. मेलमध्ये सगळं होतं. महाराज होते, नगरी होती, घराणं होतं. नव्हती फक्त ती एक गोष्ट, जिच्यासाठी तो लिहिला होता.

उत्तर आलं आणि तेही झटक्यात. "आपला मेल वाचून मन भरून आले. मागणी मंजूर. येत्या रविवारी सकाळी सर्व भगिनींना घेऊन दुकानी यावे. उद्घाटन करू. हं. मर्दाने."

सरांनी ते मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा वाचलं. "बघितलंस? याला म्हणतात भाषा." आपणच चुकलो असू, असं मेहमुदाला मनापासून वाटलं आणि बरंही वाटलं. स्वच्छतागृहाचं उद्घाटन हे जरा विचित्रच, पण मर्दाने हौशी माणूस. नारळ फोडायची हौस असेल तर फोडू दे. ती बायडाबाईकडे धावत गेली. बायडाबाईनं तिच्या गालावर हात फिरवला आणि कोथिंबिरीची जुडी तिच्या पिशवीत कोंबली.

रविवारी दुकानापुढे मांडव होता. झेंडूच्या माळा, सनई लावलेला स्पीकर आणि मोठा फलक: 'महिला भगिनींसाठी मर्दाने परिवाराची पाणपोई.' फलकाखाली दोन भलेमोठे माठ, पितळी तोट्या, स्टीलचे पेले साखळीनं बांधलेले.

मेहमुदा फलक वाचत उभी राहिली. पहिल्यांदा तिला वाटलं, हे दुसरंच काहीतरी चाललंय, आपलं मागच्या बाजूला असेल. मग हंबीररावांनी माइक हातात घेतला.

"हितं माझ्या दारात आयाबहिणी उन्हात बसत्यात. त्यांच्या घशाला कोरड पडती, परकृती बिघडती आणि आम्ही आत पंख्याखाली बसतोय. संघटनेचा मेल आला तवा माझं डोळं उघडलं. एवढ्या वर्सांत हे माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय, ह्याची मला लाज वाटती."

आणि माणूस खरोखर हेलावला होता. डोळ्यांच्या कडा ओल्या. लबाड असता तर निदान त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. आता रागवायचं कोणावर? मेहमुदानं सरांकडे पाहिलं. सर टाळ्या वाजवत होते. अंमळ सावकाश वाजवत होते, पण वाजवत होते.

पहिला पेला बायडाबाईच्या हातात दिला गेला. फोटोवाल्यानं "मावशी, प्या की" म्हटलं. बायडाबाईनं मेहमुदाकडे एकदा बघितलं, ती नजर मेहमुदाला जन्मभर पुरेल अशी होती, आणि सगळ्या बाजारासमोर तिनं तो पेला संपवला. फोटो हलला म्हणून दुसराही प्यायला लावला. मालकाचं मन कसं मोडायचं?

सूर्य डोक्यावर आला तेव्हा बायडाबाई पोत्यावर या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर होत होती. शेवटी तिला राहवेना. शेजारणीला "बघ गं" म्हणून ती उठली आणि दोन चौक पलीकडे जवळजवळ पळत गेली. शेजारणीपुढे त्याच वेळी गिऱ्हाइकं दाटली. बायडाबाई परत आली तेव्हा एक मोकाट गाय तिच्या मेथीत तोंड घालून निवांत उभी होती आणि माठापाशी पाणी प्यायला जमलेल्या माणसांच्या पायांनी कोथिंबिरीचा चिखल झाला होता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मेहमुदाला बरं वाटलं असतं. तिनं पोतं झटकलं आणि दुपारच्याच एसटीनं कोडोलीला गेली.

दुसऱ्या दिवशी मेहमुदा कचेरीत शिरली ती तावातच. "सर, आजच्या आज दुसरा मेल पाठवायचा. स्पष्ट लिहायचं."

"आज?" सर दचकले. "अगं, कालच त्यांनी एवढा खर्च केला, मांडव घातला. लगेच दुसरं मागायचं? बरं दिसत नाही ते."

"सर, ज्या बायका पाणी पीत नाहीत, त्यांना त्यांनी पाणी पाजलंय!"

"भावना बघावी माणसाची. आधी आभाराचा मेल जाऊ दे. मग सहा महिन्यांनी, योग्य प्रसंग बघून, सूचकपणे—"

"सूचकपणे?"

"लिही. विषय, आभार मानणेबाबत."

आणि ऐका, ती बसली आणि तिनं लिहिला. "आपल्या औदार्याने आम्ही भारावून गेलो आहोत." भारावून! रागानं तिचे कान तापले होते. मेल पूर्ण झाला तेव्हा सर चहाला उठले आणि मेहमुदानं तो पाठवला नाही. मसुद्यात ठेवला, संगणक बंद केला आणि बायडाबाई आज का आली नाही ते बघायला कोडोलीची गाडी पकडली.

बायडाबाई वाकळ पांघरून पडली होती. ताप होता. उशाशी पाण्याची कळशी होती आणि घरात असल्यामुळे ती पाणी पीत होती. तिची सून दारात उभी राहून म्हणाली, "डॉक्टर म्हनला, अजून एकदा असं झालं तर किडनीवर जाईल. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे तो बाजार."

"बाजार ऱ्हाऊ दे म्हनं," बायडाबाई वाकळीतूनच फिस्कारली. "आणि खायाचं काय, पानपोईचं पाणी?"

मेहमुदा तिच्याजवळ जमिनीवर बसली. "मावशी, चूक माझी आहे. सर सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. आता मी लिहिते. पण कसं लिहू? नुसतं उद्धट लिहिलं तर ते पायरीवरून उठवतील. नुसतं गोड लिहिलं तर अजून एक पाणपोई घालतील."

बायडाबाईला ताप होता तरी हसू आलं. "मला मुतायला जागा न्हाय, असं लिव्ह."

"मावशी, 'मुतायला' नाही लिहिता येत."

"मग तुझा तो शाळंतला शब्द लिव्ह. पन असा लिव्ह, की वाचणाऱ्याला दुसरं काय वाटाय नगं. आणि त्याला वंगाळ बोलू नगंस. मानूस चांगला हाय. मान दे त्याला. पन काम सांग."

"तुमचं नाव घालू?"

बाहेर म्हैस ओरडली, सून तिकडे गेली. मेहमुदाला कळत होतं आपण काय मागतोय ते. नावाशिवाय मेल म्हणजे कोण्या भगिनींची कसलीशी गैरसोय. नाव घातलं की पायरीवरची ही ठरावीक बाई आणि तिची ठरावीक व्यथा, चार पुरुषांपुढे मोठ्यानं वाचलेली. आणि त्या वाचनात मालकाचं मन फिरलं, तर तिची जागा गेली.

"घाल," बायडाबाई म्हणाली. "जागा गेली तर जाऊ दे. अशी तरी कुठं ऱ्हातीया?"

परतीच्या गाडीत मेहमुदाला खिडकीची जागा मिळाली. तिनं मोबाइलवर संघटनेचा मेल उघडला आणि लिहायला सुरुवात केली. 'सविनय' लिहिलं आणि काढलं. 'अहो मालक' लिहिलं आणि तेही काढलं, कारण ते बाजारात हाक मारल्यासारखं होतं. 'लघुशंका' लिहिलं आणि काढलं, कारण बायडाबाईनं आयुष्यात तो शब्द ऐकला नसेल आणि मेलमध्ये तर तिचं नाव जायचं होतं. 'आपल्या निदर्शनास' सुरू झालं तेव्हा ती स्वतःवरच वैतागली. सरांची भाषा तिच्या बोटांत शिरून बसली होती, ती बाहेर काढायला पन्हाळ्याच्या फाट्यापर्यंतचा रस्ता लागला. बस कोल्हापुरात शिरताना तिनं मेल शेवटचा वाचला आणि मन बदलायच्या आत पाठवून दिला.

सकाळी सरांनी 'पाठवलेले' उघडलं. वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"हे संघटनेच्या मेलवरून गेलं? मला न दाखवता?"

"हो."

"माझी सगळी पत्रं एकीकडे आणि हे... मेहमुदा, तू त्या बाईची जागा घालवलीस. आणि बहुतेक तुझी पण."

दिवसभर फोन वाजला नाही. मेलला उत्तर नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आधीच्या गोलगोल मेलला झटक्यात उत्तर देणारा माणूस आता गप्प होता. सर तिच्याकडे बघायचे आणि उसासे टाकायचे आणि ते उसासे तिला शिव्यांपेक्षा जास्त लागायचे. तिसऱ्या दिवशी बायडाबाई बाजारात आली, अंगात ताप नव्हता पण चालताना भिंतीला हात लावत होती. पायरीशी पोतं पसरलं आणि कोणी उठवतंय का म्हणून दुकानाकडे बघत बसली. दुपारी दिवाणजी मौलालीचा फोन आला, "मालकानं तुमाला आणि त्या मावशीला बोलावलंय. आत."

दुकानात तीच चहाची वेळ, तीच मंडळी. गादीवर हंबीरराव, चेहरा ओढलेला. पलीकडे साड्यांच्या काउंटरमागे तिघी विक्रेत्या मुली घड्या घालत होत्या. त्यांच्यातली थोरली, जिला सगळे आक्का म्हणत, ती घडी घालता घालता थांबली. मेहमुदा आणि बायडाबाई उभ्याच राहिल्या.

"मी व्हतो जयसिंगपूरला, लग्नाला," हंबीरराव म्हणाले. "आत्ता आलोय. मौलाली म्हनतोय मेल आलाय, पन वाचत न्हाय. म्हनतोय, मालक, तुमीच वाचा. असं काय लिव्हलंय त्यात? हितं सगळ्यांम्होरं वाचायची चाल हाय आपली. वाच रं."

मौलालीनं कागद डोळ्यांसमोर धरला. गेली कितीतरी वर्षं तो खणखणीत आवाजात वाचत आला होता. आज त्याचा आवाज वीतभर पुढं जाईना.

"विषय, दुकानामागचं स्वच्छतागृह बाजारातल्या बायकांना दिवसा वापरू देण्याबाबत. मर्दाने साहेब, नमस्कार. रविवारी तुम्ही पाणपोई सुरू केलीत. तुमच्या मनातला हेतू चांगला होता, त्याबद्दल मनापासून आभार. पण चूक आमची झाली. आम्हाला जे मागायचं होतं, ते आम्ही लाजेनं लिहिलंच नाही. ते आता लिहिते. तुमच्या दारात बसणाऱ्या बायकांना... बायकांना..."

"थांबलास का? वाच की!"

"...बायकांना दिवसभर लघवीला जायला जागा नाही."

चहाचा कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला. एकानं उगाच खाकरून घेतलं, दुसरा मोबाइल काढून बघायला लागला. बायडाबाई सरळ मालकाच्या तोंडाकडे बघत होती.

"पुढं," हंबीरराव म्हणाले. आवाज खाली आला होता.

"म्हणून त्या पाणी पीत नाहीत. तुमच्या पायरीशी बसणाऱ्या बायडाबाईंना त्यामुळे लघवीचा आजार झाला आहे. त्यांच्या परवानगीनं त्यांचं नाव लिहीत आहे. डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलं आहे, नाहीतर बाजार सोडायला. तुमचं नवं स्वच्छतागृह बोळाच्या दारानं उघडतं, दुकानातून यायची गरज पडणार नाही. सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते आम्हाला वापरू द्यावं. सफाई आमच्या बायका पाळीपाळीनं करतील. काही खराब झालं तर संघटना दुरुस्त करून देईल. शक्य नसेल तर तसं स्पष्ट कळवावं, राग येणार नाही. मात्र यामुळे बायडाबाईंच्या जागेला धक्का लागू नये, एवढी विनंती. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर मी केव्हाही येईन. आपली, मेहमुदा मणेर."

मौलालीनं कागद खाली ठेवला आणि तो जमिनीकडे बघत राहिला.

"पैल्या मेलात हे का न्हाय लिव्हलं?" हंबीरराव एकदम कडाडले. "मला पानपोई घालाय लावली! माइकवर बोलाय लावलं! सगळा बाजार हसत असंल मला!"

मेहमुदाचा बांध फुटला. "आणि आम्ही रडतोय, त्याचं काय? मी आधी इथंच आले होते, मालक. याच मंडळींसमोर. तुम्ही म्हणालात मेल टाका. मेल टाकायचा तर तो इथं सगळ्यांसमोर वाचणार. मग बाईमाणसानं हा शब्द कुठं उच्चारायचा, तेवढं सांगा!"

तेवढ्यात साड्यांच्या काउंटरमागून आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"मालक, आमी पन जात न्हाय."

सगळे वळले. आक्का घडी केलेली साडी छातीशी धरून उभी होती.

"तू?" हंबीरराव म्हणाले. "तुमच्यासाठी तर बांधलंय की! तिथं कधी कुणी आडवलं काय तुमाला?"

"आडवलं न्हाय. पन किल्ली तुमच्या गल्ल्यात. पावण्यांम्होरं येऊन तुमाला किल्ली मागायची, मग गोदामातनं हमालांम्होरनं जायाचं." आक्कानं मान खाली घातली. "जुनं व्हतं तवापासनं असंच. आमी पन पाणी पीत न्हाय."

दुसऱ्या दोघी मुली घड्यांमध्ये तोंड लपवून उभ्या होत्या. त्यातली धाकटी जेमतेम विशीची असेल.

हंबीररावांनी गल्ला उघडला. आत हात घालून ते बराच वेळ काहीतरी शोधत होते, किल्ली समोरच होती तरी. कान लाल झाले होते. "इतकी वर्सं काम करताय," ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "बोलायला काय झालतं?"

याचं उत्तर द्यायचा मेहमुदाला आता कंटाळा आला होता. जिंकल्यासारखं तिला काहीच वाटत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीला मांडव लागला, गाय लागली, एका म्हातारीचं आजारपण लागलं, आणि अजून हा माणूस विचारत होता, बोलायला काय झालं होतं.

"दुसरी किल्ली करून घेतो," हंबीरराव म्हणाले. "बोळाच्या दाराशी अडकवून ठेवतो. मौलाली, लिव्ह, उद्याच्या उद्या... आणि मेलला उत्तर काय द्यायचं? संघटनेचा मान ठेवून, वेवस्थित..."

"ते तुमी सावकाश लिवा," बायडाबाई म्हणाली आणि गादीपुढे, सगळ्या मंडळींच्या मधोमध, तिनं हात पुढे केला. "मला आत्ता जायाचं हाय. किल्ली द्या."

हंबीररावांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. बायडाबाई भिंतीला हात लावत, दुकानातून, त्या सगळ्यांच्या समोरून, मागच्या दाराकडे चालू लागली.

"मावशी, थांबा," आक्कानं साडी काउंटरवर टाकली. "मी पन येतो."